पंख दिसतो, हाड हाताला लागते

2020 च्या नोव्हेंबरात बेल्जियममधल्या एका ऑनलाइन लिलावात ‘न्यू किम’ नावाच्या दोन वर्षांच्या मादी कबुतराची बोली 200 युरोंपासून सुरू झाली आणि 16 लाख युरोंवर थांबली. शेवटी शेवटी ‘सुपर ड्यूपर’ आणि ‘हिटमॅन’ अशी टोपणनावे घेतलेले दोन चिनी ग्राहक एकमेकांवर चढत होते. त्याच्या आदल्या वर्षी ‘अर्मांडो’ नावाचा पाच वर्षांचा नर साडेबारा लाख युरोंना गेला, तेव्हा आता याहून वर कोण जाणार असे सगळ्यांना वाटले होते. न्यू किमने तोही विक्रम मोडला.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण कबुतरवाल्यांना पडणारा प्रश्न वेगळाच असतो. चीनमध्ये बसलेल्या ग्राहकाला अँटवर्पजवळच्या ढाबळीतले कबूतर दिसते कसे? पूर्वी लिलावाच्या दिवशी गावातल्या सभागृहात पिंजरे मांडलेले असत. ज्याला घ्यायचे तो कबूतर हातात घेई, पंख उघडून बघे, पोटाखालून बोट फिरवी आणि मगच बोली लावी. आता बहुतेक व्यवहारांत ग्राहकापुढे तीन फोटो असतात : एक उभ्या कबुतराचा बाजूने काढलेला, एक पसरलेल्या पंखाचा आणि एक डोळ्याचा, अगदी जवळून. सोबत वंशावळ आणि शर्यतींचे निकाल. या तीन फोटोंपैकी कशावर किती विसंबायचे, याचा अंदाज ज्याला नाही त्याचे पैसे बुडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर गिरेबाज उडवणाऱ्यांना हे जग थोडे परके वाटेल. गिरेबाजाचे कसब म्हणजे उंचावर तासन्‌तास टिकणे. शर्यतीचे कबूतर, म्हणजे होमर, दूर कुठेतरी सोडले जाते आणि त्याने सरळ घर गाठायचे असते. चेन्नई, बंगळूर, कोलकाता या शहरांत होमरच्या शर्यती नेमाने होतात आणि तिथल्या ढाबळींमध्येही बेल्जियन घराण्यांची नावे अभिमानाने घेतली जातात. आरेनडोंक गावच्या यान्सेन बंधूंच्या कबुतरांचे रक्त जगभर पसरले आहे, त्यात भारतही आला. म्हणजे फोटो बघून कबूतर घेण्याची वेळ इथल्या शौकिनांवरही येतेच.

तीन फोटोंत सगळ्यांत प्रामाणिक फोटो पंखाचा. डोळ्याचा फोटो सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत फसवा. अंगाचा फोटो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. ग्राहकाची नजर मात्र नेमकी आधी डोळ्यावर जाते.

पंख उघडला की बाहेरच्या भागात दहा लांब, ताठ पिसे दिसतात. कबुतराला पुढे ढकलण्याचे काम मुख्यतः यांचे. त्यांच्या आत, अंगाकडच्या बाजूला दहा-बारा आखूड, रुंद पिसे असतात आणि ती कबुतराला हवेत तोलून धरतात. युरोपातले शौकीन बाहेरच्या दहा पिसांची मोजणी आतून बाहेर करतात. पंखाच्या मधल्या सांध्यापाशी असते ते पहिले आणि टोकाचे दहावे. हा क्रम मनाचा नाही, पिसे गळतातही याच क्रमाने. पहिले गळते, त्याच्या जागी नवे येऊ लागते, मग दुसरे, मग तिसरे. युरोपात हा प्रकार साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जोडी दुसऱ्यांदा अंड्यांवर बसलेली असताना सुरू होतो आणि दहावे पीस पूर्ण होईपर्यंत हिवाळा तोंडावर येतो. एक पीस पूर्ण वाढायला महिनाभर धरून चालावे.

हे एवढे माहीत असले की पंखाच्या फोटोवरून बरेच काही कळते.

समजा, विक्रेता सांगतो की मादी गेल्या वर्षीच्या मार्चमधली आहे, ठणठणीत आहे आणि फोटो सप्टेंबरच्या मध्यात काढलेला आहे. फोटोत पहिली सहा पिसे गडद, तुकतुकीत, कडा अखंड. सातवे अर्धेच वाढलेले, बुडाशी अजून निळसर नळी दिसते, कारण वाढत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते. आठ, नऊ आणि दहा मात्र फिकट, टोकाला थोडी झिजलेली. हा पंख सप्टेंबरच्या पंखासारखाच आहे. तारीख आणि पंख एकमेकांशी जुळतात.

आता त्याच तारखेचा दुसरा फोटो घ्या. दहाच्या दहा पिसे सारख्या रंगाची, सारखी झिजलेली, एकही नवे नाही. इथे जाणकार थांबतो. एकतर फोटो वसंतातला आहे आणि तारीख उगाच लिहिली आहे, म्हणजे आज मादी कशी आहे हे त्यात दिसतच नाही. किंवा गळती मुद्दाम लांबवलेली आहे. शर्यतीच्या मोसमात पंख भरलेला राहावा म्हणून बरेच लोक पिल्लांना वसंतात रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत अंधारात ठेवतात. दिवस लहान वाटला की पिसे गळायची थांबतात. यात लबाडी काही नाही, ही सर्वत्र चालणारी पद्धत आहे. पण ती पहिल्या वर्षाच्या पिल्लांची. दीड वर्षाच्या मादीत असे दिसले तर विचारायला हवे. तिसरी शक्यता म्हणजे आजार किंवा उपासमार, आणि ती विक्रेता आपणहून सांगणार नाही.

उपासमारीच्या खुणाही पंखावरच सापडतात. पीस वाढत असताना कबूतर आजारी पडले किंवा त्याला नीट चारा मिळाला नाही, तर त्या दिवसांत तयार झालेल्या भागावर एक बारीक आडवी रेघ राहते. तिथे पीस पातळ असते, प्रकाशापुढे धरले तर रेघ उजळ दिसते. पीस गळेपर्यंत ती पुसली जात नाही. इथे एक बारकावा आहे आणि फोटो बघणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. पिल्लाची सगळी पिसे घरट्यात एकाच वेळी वाढतात, त्यामुळे घरट्यातल्या आजारपणाची रेघ शेजारशेजारच्या पिसांवर जणू पट्टीने आखावी तशी ओळीत उमटते. मोठ्या कबुतराची पिसे एकामागून एक येतात, म्हणून नंतरच्या दुखण्याची रेघ एखाद-दुसऱ्याच पिसावर दिसते. फोटोत फक्त आठव्या पिसाच्या मध्यावर रेघ असेल तर ते पीस वाढत होते त्या आठवड्यांत काहीतरी बिनसले होते, एवढे नक्की म्हणता येते. काय बिनसले होते, ते मात्र पीस सांगत नाही.

उशिरा जन्मलेली पिल्लेही पंखावरून पकडली जातात. जून-जुलैत अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला पहिल्या हिवाळ्याआधी दहाही पिसे बदलायला वेळ पुरत नाही. टोकाची एक-दोन बालपणचीच पिसे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच राहतात, आणि ती शेजारच्या नव्या पिसांपेक्षा अरुंद आणि फिकट असतात. विक्रेता मार्चमधले म्हणत असेल आणि फेब्रुवारीच्या फोटोत नववे-दहावे असे दिसत असेल, तर जन्माचा महिना पुन्हा विचारावा. पायातली बंद कडी वर्ष सांगते, महिना सांगत नाही. ती पिल्लू आठवड्याभराचे असताना घातली जाते, नंतर पाय वाढला की ना चढत ना उतरत.

पंखाच्या आकाराबद्दल मात्र शौकिनांमध्ये मते फार. कुणी म्हणतो टोकाची तीन पिसे जवळजवळ एका लांबीची हवीत. कुणी टोकाच्या चार पिसांमधल्या फटी मोजतो, कुणाला आतल्या रुंद भागापासून बाहेरच्या भागाकडे जाताना ठळक पायरी हवी असते. यातले काही हवेच्या नियमांना धरून आहे, काही नुसते पिढीजात. फोटोपुरते एवढे ध्यानात ठेवले तरी खूप झाले, की पंख किती ताणून धरला आहे त्यावर फटी आणि पायरी दोन्ही बदलतात. धरणाऱ्याने टोक थोडे पुढे ओढले की फटी वाढतात, सैल सोडले की मिटतात. दोन कबुतरांच्या पंखांची तुलना करायची तर दोघांचा पंख सारखाच उघडलेला हवा, आणि दोन वेगळ्या लोकांनी काढलेल्या फोटोंत तसे क्वचितच घडते. शिवाय फोटोत पंख एकच असतो. दुसऱ्यावर कधीकाळी तारेचा वा ससाण्याचा घाव बसला असेल तर तो चौकटीबाहेर राहतो.

आता डोळा. डोळ्याचा मोठा केलेला फोटो बघताना भल्याभल्यांचे भान हरपते, यात आश्चर्य नाही. काळ्याभोर बाहुलीभोवती बारीक वलय, त्याबाहेर सोनेरी, तांबूस किंवा मोतिया रंगाचा पट्टा, त्यात उंचसखल कंगोरे. या वलयांच्या रुंदीवरून आणि रंगांवरून कबूतर शर्यतीला चांगले की वीण घेण्याला चांगले हे ओळखता येते, असे मानणारी एक मोठी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात या विद्येला बहर आला आणि अजूनही भिंग घेऊन बाहुलीभोवतीचे वलय मोजणारे शौकीन जगभर भेटतात. वलय बघून विजेता ओळखता येतो, हे अजून कुणी पटण्याजोगे सिद्ध केलेले नाही. चांगली कबुतरे राखणाऱ्यांकडे चांगल्या डोळ्यांची कबुतरे असतात, पण त्यांच्याच ढाबळीत तसल्याच डोळ्यांची सामान्य कबुतरेही असतात. ती कुणी फोटो काढून दाखवत नाही, एवढेच.

रंगाचे शास्त्र मात्र बरेच उलगडले आहे. बुबुळाच्या पट्ट्यात प्रकाश परतवणारे बारीक कण असतात. त्यांत पिवळे रंगद्रव्य असेल तर डोळा नारिंगी-सोनेरी दिसतो, नसेल तर मोतिया. 2021 मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधकगटांनी दाखवून दिले की मोतिया डोळ्यामागे एकाच जनुकातला एक बिघाड आहे. तो आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच डोळा मोतिया होतो. म्हणजे मोतिया डोळ्याच्या दोन कबुतरांची जोडी लावली तर पिल्लांचे डोळे मोतियाच होणार, हे सांगता येते. पिल्लू पाचशे किलोमीटरवरून वेळेत येईल का, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि लाल छटा? ती रंगद्रव्याची नाही, रक्ताची. बुबुळात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कबूतर बिचकले, धापा टाकत असले किंवा नुकतेच उडून आले असले की डोळ्यात दिसणारा लालपणा बदलू शकतो. बाहुलीचे तर विचारूच नका. माणसाची बाहुली प्रकाशाप्रमाणे आपोआप लहानमोठी होते, पण पक्ष्यांच्या बुबुळातले स्नायू वेगळ्या जातीचे, आपल्या हातापायांच्या स्नायूंसारखे असतात आणि पक्षी ती झटकन आवळू शकतो. एकाच कबुतराचे दोन फोटो दोन क्षणांच्या अंतराने काढले तर एकात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी आणि दुसऱ्यात चांगली पसरलेली असू शकते. बाहुली आवळली की तिच्याभोवतीचे वलय रुंद वाटते. ज्या वलयावर विद्वान तासभर वाद घालतात, त्याची रुंदी कॅमेऱ्याच्या प्रकाशावर ठरते.

रंग खरा आहे की संगणकावर चढवलेला, हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. डोळ्याकडे न बघता चोचीकडे बघायचे. चोचीच्या मुळाशी असलेला फुगवटा मोठ्या, निरोगी कबुतरात भुकटी धरलेला पांढरा असतो. फोटोत तो पिवळट दिसत असेल तर सगळा फोटोच पिवळा झुकला आहे आणि डोळ्यातले सोने त्यातलेच. निळसर दिसत असेल तर मोतिया डोळा आहे त्याहून स्वच्छ दिसणार. बाहुलीत चमकणारे प्रकाशाचे प्रतिबिंबही बघावे. पूर्ण गोल कडे दिसले तर भिंगाभोवती लावलेल्या गोल दिव्याच्या उजेडात फोटो काढलेला आहे. त्या उजेडात सगळेच रंग खुलतात. फुगवटाच चौकटीबाहेर कापलेला असेल, तर रंगाबद्दल काहीही म्हणू नये हे उत्तम.

डोळ्याच्या फोटोतून उपयोगाचे जे कळते ते साधे आहे. पापणीची कड कोरडी आणि घट्ट आहे का, कोपऱ्यात पाणी वा फेस आहे का, बाहुली गोल आणि काळी आहे की धुरकट. हे तपासायला कोणताही सिद्धांत लागत नाही. फक्त फोटो एका डोळ्याचा असतो, आणि सर्दी कबुतराच्या एकाच डोळ्याला होऊ शकते, हे विसरू नये.

अंगाचा फोटो काढण्याची एक ठरलेली रीत आहे. कबूतर लहानशा पेटीत ठेवतात, मागे साधी पार्श्वभूमी, आणि ते मान उंच करून, छाती पुढे काढून उभे राहील तोपर्यंत वाट बघतात. शंभरातला एक फोटो निवडला जातो, आणि त्यात काही गैर नाही. लग्नाच्या अल्बमातही सगळे फोटो लावत नाहीत. त्यातून ठेवण कळते : मान आणि खांदे कसे आहेत, पाठ शेपटीकडे उतरत जाते का, अंग लांबट की आटोपशीर, शेपटी मिटून एका पिसाच्या रुंदीची दिसते की पसरते. पण मोठे भिंग जवळ नेऊन फोटो काढला तर डोके मोठे आणि मागचा भाग बारीक दिसतो, आणि कबूतर उगाच रुंद छातीचे वाटते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पिसे. त्यांच्याखाली किती मांस आणि किती हवा आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही. थंडीत पिसे फुगवून बसलेले हडकुळे कबूतर फोटोत गुबगुबीत दिसते.

म्हणूनच हात सुटत नाही. कबुतरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ऑलिंपियाडमध्ये, जिथे दर दोन वर्षांनी देशोदेशीची कबुतरे जमतात, तिथे शर्यतींच्या निकालांवरचा एक विभाग असतो आणि देह-बांध्यावरचा दुसरा. या दुसऱ्या विभागात परीक्षक प्रत्येक कबूतर हातात घेऊन गुण देतात, पिंजऱ्याबाहेरून बघून नाही.

धरायची पद्धत सगळीकडे एकच. कबुतराचे पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत मागे सरकवायचे, पोट तळव्यावर ठेवायचे, अंगठा पंखांच्या टोकांवरून पाठीवर. दुसरा हात मोकळा राहतो, तपासणी त्याने. चांगले कबूतर हातात तोल धरून बसते, पुढे लवंडत नाही. पुढे झुकत असेल तर शौकीन म्हणतात पाठीत जोर नाही. वजन तराजूवर घेता येते. नर साधारण साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, मादी थोडी हलकी. पण कसलेला माणूस आकड्याकडे फारसे बघत नाही. आकाराच्या मानाने कबूतर जड वाटते की हलके, हे तो बघतो, आणि शर्यतीच्या तयारीतले कबूतर दिसते त्यापेक्षा हलके लागते.

मग छातीचे हाड. मोकळ्या हाताचे बोट पुढून मागे त्या हाडाच्या कडेवरून हळूहळू सरकवायचे. ते सरळ आहे की मध्ये वाकडे, कुठे खाच आहे का, मागे हळूच वर वळते की एकदम संपते. वाकडे हाड म्हणजे पिल्लूपणी चुन्याची कमतरता किंवा पातळ काठीवर लवकर बसायची सवय. वाकड्या हाडाची कबुतरे शर्यत जिंकतातही, पण ते हाड फोटोत कधीही दिसत नाही, पिसांनी पूर्ण झाकलेले असते. विकत घेणाऱ्याला ते आधी कळायला हवे.

हाड संपते तिथून मागे गेले की शेपटीखाली दोन बारीक टोकदार हाडे लागतात. नरात ती जवळजवळ आणि घट्ट असतात, मादीत त्यांच्यामध्ये थोडी फट. शौकिनांना ती घट्ट, आखूड आणि छातीच्या हाडाच्या टोकाजवळ हवी असतात. इथे घाईने मत देणारे फसतात. अंडी घालायच्या सुमारास मादीची ही हाडे सैल होतात आणि फट वाढते. नंतर ती पुन्हा घट्ट होत जाते. अंड्यांवर आलेली मादी हातात घेऊन ‘हाडे सैल आहेत’ म्हणून नाकारणारा माणूस तिच्याच बहिणीला महिन्याने पसंत करील. म्हणून हात लावायच्या आधी विचारायचे, शेवटची अंडी कधी घातली.

छातीवरची पिसे फुंकर मारून बाजूला केली की कातडीखालचा स्नायू दिसतो. तो गुलाबी आणि स्वच्छ हवा, काळपट निळा असला तर कबूतर तयारीत नाही किंवा आतून आजारी आहे. बोटाला स्नायू भरीव लागला पाहिजे, पण कडक नाही. याच वेळी पिसांचा स्पर्श कळतो. निरोगी कबुतराचे पीस मऊ असते आणि हातावर पांढरी भुकटी उतरते. काळ्या शर्टावर ती लगेच दिसते. कोरड्या, खरखरीत पिसांचे कबूतर फोटोत चकचकीत दिसू शकते, हातात ते लपत नाही.

पंखही पुन्हा बघायचाच, पण आता वेगळ्या गोष्टीसाठी. पूर्ण उघडायचा आणि सोडायचा. तो लगेच, आपल्या जोरावर मिटला पाहिजे. रेंगाळला तर दुसरा उघडून दोन्हींची तुलना करायची. खांद्यापासून सांध्यापर्यंत हाडावरून बोट फिरवताना कुठे गाठ लागली तर ती जुन्या मोडीची असू शकते. हाड मोडून पुन्हा जुळले की तिथे गाठ राहते, वर पिसे आली की डोळ्याला काही दिसत नाही. असे कबूतर वीण घ्यायला उत्तम असू शकते, शर्यतीचे म्हणून विकले असेल तर मात्र फसवणूक.

शेवटी चोच उघडायची. घसा गुलाबी, ओला, चिकट धागे नसलेला. आत पिवळट पांढरे ठिपके दिसले तर तो कबुतरांचा जुना शत्रू, घशात वाढणारा एकपेशीय परजीवी, आणि तो पाण्याच्या एका भांड्यातून अख्ख्या ढाबळीला लागतो. हा फोटोच्या बाहेरचा सगळ्यांत महाग धोका. विकत घेतलेल्या एका कबुतरासाठी आधीची पन्नास आजारी पाडणे कुणालाच परवडत नाही. म्हणूनच नवे कबूतर कितीही मोठ्या घराण्यातले असले तरी शहाणा माणूस त्याला आधी वेगळ्या खोलीत ठेवतो आणि त्याच्या विष्ठेची तपासणी करून घेतो.

हातालाही मर्यादा आहेतच. घर शोधण्याची कुवत, ढगाळ दिवशी न डगमगण्याची वृत्ती, तहानलेले असताना वाटेतल्या शेतात न उतरण्याचा हट्ट, यातले काहीही बोटांना लागत नाही. हातात सुरेख बसणारी कितीतरी कबुतरे तीनशे किलोमीटरवर हरवतात. उलट, परीक्षकांनी नाक मुरडलेली कबुतरे शर्यती जिंकून आली आहेत. म्हणून अर्मांडो आणि न्यू किम यांच्या किमती डोळ्याने वा पंखाने ठरल्या नाहीत, त्या निकालांनी ठरल्या. अर्मांडो बेल्जियमचा दीर्घ पल्ल्याचा आघाडीचा नर होता, न्यू किम 2018 च्या मोसमात पिल्लू असतानाच राष्ट्रीय पातळीवर अव्वल आली होती. आणि दोघांपैकी कुणालाही घेणाऱ्याला उडवायचे नव्हते, वीण घ्यायची होती. नव्या ढाबळीत होमर सोडला तर तो घरी, म्हणजे जुन्या मालकाकडे जायला निघेल, ही अडचण होमरच्या व्यवसायात कायमचीच.

फोटोवरून घेणाऱ्यांनी आता एक मधला मार्ग काढला आहे. विक्रेत्याच्या देशात ओळखीचा माणूस असतो, तो ढाबळीत जाऊन कबूतर हातात घेतो आणि फोनवर सांगतो. त्याला काय विचारायचे हे ठरलेले असते : छातीचे हाड सरळ आहे का, दोन्ही पंख सारखे मिटतात का, मागची हाडे किती दूर आणि शेवटची अंडी कधी, घसा कसा आहे, कडीचा आकडा वंशावळीशी जुळतो का. डोळ्याबद्दल एकच प्रश्न पुरतो, पाणी आहे का. मग निकालाचा कागद मागवायचा आणि त्यात आलेल्या क्रमांकाशेजारी त्या शर्यतीत किती कबुतरे होती तो आकडा वाचायचा. वीस कबुतरांत पहिले येणे आणि पाच हजारांत तिसावे येणे यांतला फरक कोणत्याही फोटोत दिसत नाही, आणि विक्रेते पहिला क्रमांक मोठ्या अक्षरांत छापतात, शर्यतीतल्या कबुतरांची संख्या बारीक.